सहा पॉइंट अठ्ठ्याहत्तर म्हणजे नक्की किती?

रविवारची रात्र, पावणेअकरा वाजलेले. उद्या सकाळी द्यायचा लेख अर्धा लिहून झालेला, अर्धा डोक्यात. अशा मुहूर्तावर माझ्या धाकट्या मावसभावाचा फोन आला. हा गडी एरवी मेसेजवरसुद्धा ‘हं’, ‘ओके’ याच्या पुढे जात नाही. तो फोन करतो म्हणजे एक तर पैसे हवेत, नाहीतर मावशीशी भांडण झालंय. पण त्या दिवशी तिसरंच निघालं.

‘ताई, तुझ्या मार्कशीटवर टक्के होते का गं?’

‘नव्हते. सीजीपीए होता. का रे?’

‘फॉर्म भरतोय. रिझर्व्ह बँकेचा, ग्रेड बी ऑफिसरचा. पदवीचे टक्के विचारतायत आणि माझ्याकडे आहेत ६.७८.’

आता बघा, चार वर्षं इंजिनीअरिंग केलेला मुलगा. इंटिग्रेशन, डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स सगळं कोळून प्यायलेला. आणि एका छोट्याशा चौकोनात काय लिहायचं, यासाठी मास कम्युनिकेशनवाल्या ताईला फोन करतोय! मला हसू आलं, पण अर्ध्या सेकंदात थांबलं. कारण याच चौकोनात एकदा माझी चांगलीच विकेट पडली होती. ती गोष्ट पुढे येईलच.

दहाने गुण आणि मोकळा हो!

त्याच्या खोलीत त्याचे दोन मित्र बसलेले होते. एक म्हणाला, सोप्पंय, दहाने गुण. ६७.८. दुसरा म्हणाला, छे, साडेनऊने गुणायचं असतं, सगळे तसंच करतात. म्हणजे ६४.४१. जाहिरातीत अट होती खुल्या गटासाठी पदवीला किमान ६० टक्क्यांची. दोन्ही हिशेबांत गडी आरामात पार. मग फोन कशाला केला?

‘तसं नाही ताई,’ तो म्हणाला, ‘दोघांची दोन उत्तरं आली म्हणून केला.’

शाब्बास! दोन उत्तरं आली म्हणजे निदान एक चूक आहे, एवढं तरी इंजिनीअरिंगने शिकवलं म्हणायचं. इथे तर दोन्ही चूक होती.

या साडेनऊचा किस्सा फार मजेशीर आहे. सीबीएसई बोर्डाने २०१० ते २०१७ या काळात दहावीला मार्कांऐवजी ग्रेड द्यायला सुरुवात केली होती. ९१ ते १०० मार्क मिळवणाऱ्याला ए-वन, म्हणजे १० पॉइंट. मग पालकांनी विचारलं, टक्के किती? बोर्डाने आधीच्या काही वर्षांच्या निकालात ९१ ते १०० मध्ये बसणाऱ्या मुलांची सरासरी पाहिली. ती निघाली ९५ च्या आसपास. १० पॉइंट म्हणजे ९५, तर एक पॉइंट म्हणजे साडेनऊ. बस्स, एवढाच त्याचा जन्म. तोही ‘साधारण अंदाजासाठी’ म्हणून. २०१८ पासून सीबीएसईची दहावी पुन्हा मार्कांवर आली, पण साडेनऊ मात्र देशभर फिरत राहिला. कुणाच्या तरी सीनियरने सांगितलं, त्याने ज्युनिअरला सांगितलं, असं करत करत तो माझ्या मावसभावाच्या खोलीत पोचला. आमचा गडी तर स्टेट बोर्डाचा. सीबीएसईशी त्याचा संबंध फक्त शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलांशी क्रिकेट खेळण्यापुरता!

आता लगेच ‘साडेनऊ म्हणजे बकवास’ असंही समजू नका. दिल्ली विद्यापीठाने आपल्या क्रेडिट पद्धतीच्या पदव्यांसाठी हाच आकडा अधिकृतपणे घेतला. म्हणजे दिल्लीच्या मुलीने तो वापरला तर शंभर टक्के बरोबर. तोच आपण उचलला तर चूक. आकडा तोच, फक्त आपल्यामागे कुणाची सही आहे, हा फरक.

मार्कांचं काय होतं?

फोन स्पीकरवर टाकून मी माझ्या एमएच्या मार्कशीटची फाइल काढली. म्हटलं, आधी तुला ही भानगड मुळापासून दाखवते. तुम्हीही बघा, कारण हे एकदा कळलं की आयुष्यात पुन्हा कुणी ‘दहाने गुण’ म्हटलं तर तुम्ही फसणार नाही.

माझ्या एका सेमिस्टरला पाच विषय होते. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. क्रेडिट म्हणजे त्या विषयाचं वजन. आठवड्याला जितके जास्त तास, तितके साधारण जास्त क्रेडिट. आणि मार्कांवरून मिळतो ग्रेड पॉइंट. आमच्याकडे ८० च्या वर १०, सत्तरीत ९, साठीत ८, ५५ ते ५९ ला ७ आणि ५० ते ५४ ला ६, असा हिशेब होता.

संज्ञापन सिद्धान्त, ४ क्रेडिट, मार्क ६९. पॉइंट ८. चार गुणिले आठ, ३२.

माध्यम संशोधन, ४ क्रेडिट, मार्क ६०. पॉइंट पुन्हा ८. पुन्हा ३२.

माध्यमविषयक कायदे, ४ क्रेडिट, मार्क ५९. एका मार्काने पॉइंट झाला ७. म्हणजे २८. (त्या एका मार्कासाठी मी किती रडले होते, ते सांगत नाही.)

व्हिडिओ निर्मिती, ६ क्रेडिट, मार्क ७१. पॉइंट ९, म्हणून ५४.

आणि एक ऐच्छिक विषय, २ क्रेडिट, मार्क ५४. पॉइंट ६, म्हणून १२.

सगळे मिळून १५८. क्रेडिटची बेरीज २०. भागाकार केला की ७.९०. हा झाला त्या सेमिस्टरचा एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरचं असंच करून, सगळ्या पॉइंटांच्या बेरजेला सगळ्या क्रेडिटच्या बेरजेने भागलं की सीजीपीए.

आता गंमत बघा. संशोधनात ६० मार्क आणि सिद्धान्तात ६९ मार्क, दोघांना पॉइंट मात्र सारखाच, ८. ते मधले नऊ मार्क कुठे गेले? गायब! पॉइंट देताना मार्क एका टोपलीत टाकले जातात आणि टोपलीवर फक्त एक नंबर चिकटवला जातो. नंतर तो नंबर बघून आत नेमके किती मार्क होते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तुम्ही कितीही हुशार असा, कॅल्क्युलेटर कितीही भारी असो.

माझ्याकडे मूळ मार्क होते, म्हणून मी पडताळून पाहिलं. क्रेडिटचं वजन धरून त्या सेमिस्टरचे खरे टक्के येतात ६४.३. तेच ७.९० ला दहाने गुणलं तर ७९. जवळजवळ पंधरा टक्क्यांची सूज! आणि माझ्या विद्यापीठाचं अधिकृत सूत्र वापरलं तर? ते मार्कशीटच्या मागे छापलेलं होतं, बारीक अक्षरात, जिथे आपण कधीच बघत नाही. ६.७५ ते ८.२५ च्या मधल्या पॉइंटांसाठी सांगितलं होतं, दहाने गुणा आणि साडेसात वजा करा. म्हणजे ७१.५.

तीन आकडे झाले. ७९, ७१.५ आणि ६४.३. यातला खरा कोणता?

‘६४.३,’ मावसभाऊ म्हणाला. ‘तेच खरे मार्क ना.’

नाही रे बाबा. फॉर्मपुरतं खरं उत्तर होतं ७१.५. आणि हे सूत्र किती मजेदार आहे बघ. समजा, एखाद्याला सगळ्या विषयांत साठीतलेच मार्क पडले. सगळे पॉइंट ८, सीजीपीए ८. सूत्राने टक्के ७२.५. एकाही विषयात सत्तर नाहीत आणि एकूण मात्र बहात्तर! गणिताच्या सरांना चक्कर येईल. पण हे गणित नाहीच मुळी. हा विद्यापीठाने घेतलेला निर्णय आहे, की आमचा इतका पॉइंट म्हणजे इतके टक्के समजावेत. नोकरी देणारा तुमच्या गणितावर विश्वास ठेवत नाही, तो त्या निर्णयावरच्या सहीवर ठेवतो.

माझी विकेट

आता ती माझी गोष्ट. एमए झाल्यावर मी एका कंपनीत कंटेंटच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. माझा सीजीपीए ७.८४. फॉर्मवर टक्क्यांचा चौकोन. मी काय केलं असेल? बरोब्बर. ७८.४ लिहिलं आणि चहा प्यायला गेले.

इंटरव्ह्यू झाला, मेलवर ऑफर लेटर आलं, मी घरी पेढे वाटले. मग आलं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. म्हणजे कंपनी एका बाहेरच्या एजन्सीला तुमची कागदपत्रं देते आणि ती एजन्सी प्रत्येक ओळ तपासते. त्यांनी माझ्याच मार्कशीटच्या मागचं सूत्र लावलं. दहाने गुणून साडेसात वजा, ७०.९. रिपोर्टात माझ्या नावापुढे शेरा, माहितीत तफावत.

त्या नोकरीला टक्क्यांची अट होती फक्त साठची. म्हणजे ७०.९ लिहिलं असतं तरी मी निवांत पास होते! नोकरी मार्कांमुळे अडली नव्हती, साडेसात टक्के जास्त लिहिल्यामुळे अडली होती. एचआरमधल्या मॅडम फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘आम्हाला फक्त एवढंच समजून घ्यायचंय, की हे असं का लिहिलंत?’ त्या ‘असं का’ चा अर्थ मला पूर्ण कळला होता. खोटं बोलणारी मुलगी, असा माझा पहिला इम्प्रेशन पडला होता आणि तो मीच पाडला होता.

मग विद्यापीठाच्या फेऱ्या. अर्ज, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स, ओळखपत्र, फीचं चलन आणि मग वाट बघणं. तीन आठवड्यांनी सही-शिक्क्याचं पत्र हातात आलं तेव्हा कुठे जॉइनिंगची तारीख मिळाली. ती नोकरी नंतर मी सोडली आणि फ्रीलान्सिंगला लागले, तो भाग वेगळा. पण ते पत्र अजून फाइलमध्ये पहिल्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे. आधारकार्डाच्याही पुढे!

मागे उलट

‘तर राजा,’ मी मावसभावाला म्हटलं, ‘शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट घे आणि मागे उलट.’

खुडबुड ऐकू आली. मग शांतता. मग, ‘ताई, इथे लिहिलंय, टक्के बरोबर सीजीपीए गुणिले ८.८.’

‘कर मग.’

मोठी शांतता. मित्रसुद्धा गप्प.

‘५९.६६४.’

साठला जेमतेम एक तृतीयांश टक्का कमी. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मलाच पोटात गोळा आला. पाच मिनिटांपूर्वी गडी ६७ वर होता, आता थेट दाराबाहेर.

इथून पुढे जे सुरू झालं ते प्रत्येक हॉस्टेलमध्ये, प्रत्येक फॉर्मच्या शेवटच्या रात्री होतं. पळवाटांचं संशोधन! पहिला मित्र म्हणाला, ‘पूर्णांकात लिही, ६०.’ दुसऱ्याचा एक दोस्त बेळगावात शिकलेला, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा. त्यांच्याकडे २०१५ च्या स्कीमला सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं सूत्र होतं. ते लावलं तर ६०.३. पास! शिवाय जाहिरातीतच एक तक्ता सापडला. दहाच्या पट्टीवर ६.७५ म्हणजे ६० टक्के, ६.२५ म्हणजे ५५, ५.७५ म्हणजे ५०. आपले ६.७८ तर ६.७५ च्या वर! पोरं नाचायला लागली.

मी म्हटलं, तक्त्याच्या वरची ओळ वाच. मोठ्याने वाच.

त्याने वाचली. अर्थ असा, की ज्यांच्या विद्यापीठाने रूपांतराचा नियम ठरवलेला *नाही*, त्यांच्यासाठी हा तक्ता. याच्या विद्यापीठाने तर ठरवलाय, मार्कशीटच्या मागे छापलाय. म्हणजे तक्ता याच्यासाठी नाहीच. बेळगावचं सूत्र बेळगावच्या पोरांसाठी, दिल्लीचं दिल्लीसाठी. दुसऱ्याचा चष्मा घातला म्हणून आपला नंबर बदलत नाही.

आणि ५९.६६ चे ६० करणं? तो मोह तर मुळीच नको. बँकांच्या भरत्या घेणारी आयबीपीएस ही संस्था आपल्या जाहिरातीत स्वच्छ लिहिते, की ५९.९९ टक्के हे ६० पेक्षा कमीच धरले जातील. इतकी माणसं हा प्रयोग करून गेली असणार, की त्यांना तो आकडा छापून टाकावा लागला! तेव्हा टक्के लिहिताना दोन दशांश स्थळं ठेवायची आणि वर ढकलायचे नाहीत. ५९.६६४ चे ५९.६६. बस्स.

‘पण ताई, आत्ता कुठे कोण बघतंय? फॉर्म तर जाईल ना?’

जाईल की! हीच तर खरी गोम आहे. ऑनलाइन फॉर्मला मार्कशीटचा मागचा भाग दिसत नाही. तो ६०.३ सुखाने घेईल, फी घेईल, हॉल तिकीटही देईल. मग हा पठ्ठ्या सहा महिने अभ्यास करेल, परीक्षा देईल, समजा पास होऊन इंटरव्ह्यूपर्यंतही जाईल. आणि तिथे टेबलापलीकडचा माणूस कागद मागेल. आयबीपीएसच्या जाहिरातीत तर तो कागद कसा हवा हेही सांगितलेलं असतं. विद्यापीठाचं प्रमाणपत्र, ज्यात दोन गोष्टी हव्यात. एक, ग्रेडचे टक्के करण्याचा विद्यापीठाचा नियम काय. दोन, त्या नियमाने या उमेदवाराचे टक्के किती. त्या कागदावर ५९.६६ लिहिलेलं असेल आणि फॉर्मवर ६०.३. मग काय बोलणार? तीन आठवड्यांचं जॉइनिंग नाही, अख्खं सिलेक्शन जाईल.

चार शतांशांची किंमत

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याने विचारलं, किती हवे होते? मी ६० ला ८.८ ने भागलं. ६.८२. म्हणजे चार शतांशांनी गेलं. त्याचे चार वर्षांचे एकूण क्रेडिट होते १९० आणि पॉइंट १२८८. चार क्रेडिटच्या दोन विषयांत एकेक ग्रेड वर असता तर आठ पॉइंट वाढून १२९६ झाले असते आणि हा ६०.०१ वर बसला असता.

‘थर्ड इयर,’ तो म्हणाला. ‘दोन पेपर. दोन्हीत दोन-दोन मार्कांनी ग्रेड गेला होता. रीव्हॅल्युएशनला टाकायचं म्हटलं आणि टाकलं नाही. म्हटलं, काय फरक पडतो?’

यावर काय बोलणार? मला माझा तो ५९ मार्कांचा कायद्याचा पेपर आठवला. ग्रेडच्या पद्धतीत सगळे मार्क सारखे नसतात हो. ६३ चे ६५ झाले तर काहीच होत नाही, तोच पॉइंट. पण ५९ चे ६० झाले तर चार क्रेडिटचे चार पॉइंट एकदम खिशात. तेव्हा जे अजून कॉलेजात आहेत त्यांनी निकाल लागल्याच्या दिवशी पार्टीला जाण्याआधी एवढंच बघायचं, की कुठला विषय ग्रेडच्या उंबरठ्यावर अडकलाय आणि त्याला क्रेडिट किती आहेत. रीव्हॅल्युएशनची मुदत थोडीच असते आणि ती एकदा गेली की गेली.

आणखी एक चूक होता होता राहिली, ती सांगते. ‘सगळ्या सेमिस्टरचे एसजीपीए मिळवून आठने भागले तर ६.८३ येतात,’ असं त्याच्या मित्राने मध्येच जाहीर केलं. ६.८३ म्हणजे पास! पण तसं करायचं नसतं. समजा, एका सेमिस्टरला २० क्रेडिट आणि एसजीपीए ८, दुसऱ्याला २८ क्रेडिट आणि एसजीपीए ७. सरळ सरासरी ७.५. पण वजन धरलं तर १६० अधिक १९६, भागिले ४८, म्हणजे ७.४२. जड सेमिस्टरचा आवाज मोठा असतो. मार्कशीटवर छापलेला सीजीपीए हा असा वजन धरून काढलेला असतो. तोच घ्यायचा, आपण नवा बनवायचा नाही.

त्या चौकोनात काय लिहायचं?

मग त्या रात्री आम्ही नीट बसून (म्हणजे तो तिकडे, मी इकडे) शोधलं. ग्रेड बीच्या जाहिरातीत पदवीला ६० किंवा पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के अशी सोय होती. याच्याकडे पदव्युत्तर पदवी नाही. म्हणजे या खेपेला तो दरवाजा बंद. पण बँकांच्या पीओच्या परीक्षेला पदवी पुरते, ६० ची अट नसते. तिथे टक्के फक्त भरायचे असतात. खरे भरायचे असतात. त्याने तो फॉर्म उघडला आणि चौकोनात लिहिलं, ५९.६६. फार जड हाताने लिहिलं असणार, कीबोर्डचा आवाज मला ऐकू आला.

सोमवारी त्याने दुसरं काम केलं. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात रूपांतराच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज दिला. मी बजावलं होतं, पत्रात नियम आणि तुझे टक्के दोन्ही हवेत, सही आणि शिक्का हवा, आणि तुझी शाखा आणि तुझा पॅटर्न नीट लिहून घे. कारण एकाच विद्यापीठात इंजिनीअरिंगचं सूत्र वेगळं आणि एमएचं वेगळं असू शकतं. एकाच शाखेत जुना पॅटर्न वेगळा, नवा वेगळा. पट्टीसुद्धा नेहमी दहाची असते असं नाही, मुंबई विद्यापीठात काही वर्षं सातची होती. तेव्हा ५.६ बघून नाक मुरडण्याआधी ‘कितीपैकी?’ हे विचारायचं. आणि ज्या फॉर्ममध्ये ‘टक्के की सीजीपीए’ असा पर्याय दिलेला असतो, तिथे सरळ सीजीपीए निवडायचा, कमाल पॉइंट भरायचे आणि शांत झोपायचं. रूपांतर त्यांनाच करू दे.

मार्कशीटच्या मागे काहीच छापलेलं नसेल तर? तर विद्यापीठाचं परिपत्रक शोधायचं, परीक्षा विभागात विचारायचं. विद्यापीठाचा खरंच काही नियम नसेल, तर तसं लेखी घ्यायचं. मगच जाहिरातीतला तो तक्ता तुमचा. पण ‘मला सापडला नाही’ आणि ‘नियमच नाही’ यात फार अंतर आहे, आणि ते अंतर इंटरव्ह्यूच्या टेबलावर कळतं.

परवा मावशीकडे जेवायला गेले होते. गडी अभ्यासाला बसलेला. टेबलासमोरच्या भिंतीवर त्याने एक कागद चिकटवलाय. मला वाटलं टाइमटेबल असेल. जवळ जाऊन पाहिलं तर शेवटच्या सेमिस्टरच्या मार्कशीटची झेरॉक्स. आणि पठ्ठ्याने ती उलटी चिकटवलीय, मागची बाजू वर!

मावशीने विचारलं, ‘हे काय रे, मार्क दिसतच नाहीत.’

‘मार्क पुढच्या बाजूला असतात आई,’ तो म्हणाला. ‘टक्के मागे असतात.’